बेरीज जुळते, वेळापत्रक जुळत नाही

महाराष्ट्राबाहेर वर्षानुवर्षे नोकरी केल्यावर काही शब्द आपल्या नकळत बदलतात. आपण ज्याला शाळेतला 'तास' म्हणतो, त्याला इकडे लखनौत 'घंटा' म्हणतात. पहिला तास म्हणजे 'पहला घंटा'. माझी धाकटी मुलगी इंदिरा नगरातील ज्या शाळेत शिकत होती, त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक-प्रतिनिधी म्हणून मी काही काळ काम केले. त्या काळातील एका घंट्याची ही हकीकत आहे. एका सज्जन शिक्षकावर मी अन्याय केला आणि तो पुढे मला मागे घ्यावा लागला. मी कोठे चुकलो, हे समजून घेण्यासाठी जे वाचन झाले, ते या लेखात मांडतो आहे. या वाचनात एका मराठी गणितज्ञाची अनपेक्षित भेट झाली, म्हणून ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

प्रथम मूळ प्रश्न पाहू. शाळेचे वेळापत्रक करणे म्हणजे कोणता शिक्षक, कोणत्या वर्गाला, कोणत्या तासाला, कोणत्या खोलीत शिकवील हे ठरवणे. त्यात अट एवढीच की एक शिक्षक एकाच तासाला दोन वर्गांवर नेमला जाऊ नये, एका वर्गापुढे दोन शिक्षक उभे राहू नयेत आणि एका खोलीत दोन वर्ग येऊ नयेत. जुन्या पंतोजींच्या शाळेत हा प्रश्नच नव्हता. पंतोजी एक, ओसरी एक. टक्कर व्हायची कोणाची? विषयवार शिक्षक आले आणि ते एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाऊ लागले, तेव्हा हा प्रश्न जन्मास आला. शिक्षकांच्या आणि वर्गांच्या अशा दोन याद्या झाल्या आणि दोन्हींतील प्रत्येकाचे घड्याळ एकाच वेळी सांभाळावे लागले.

आमच्या शाळेत हे काम गणिताचे एक वयस्क शिक्षक करीत. सर्वजण त्यांना मास्टरसाहेब म्हणत. शैक्षणिक वर्ष एक एप्रिलला सुरू होई आणि मार्चच्या अखेरीस त्यांच्या जेवणाच्या टेबलावर रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या पसरलेल्या असत. प्रत्येक चिठ्ठीवर एका शिक्षकाचे आणि एका वर्गाचे नाव, म्हणजे एक चिठ्ठी हा एक तास. आठवड्याचे सहा दिवस, दररोज आठ घंटे, म्हणजे प्रत्येक वर्गापुढे अठ्ठेचाळीस घरे. चिठ्ठ्या घरांत बसवायच्या.

2019 च्या एप्रिलमध्ये वेळापत्रक वेळेवर निघाले नाही. तात्पुरत्या वेळापत्रकात अकरावी विज्ञानच्या वर्गाचा आठवड्यातील एक इंग्रजीचा तास रिकामा जात होता. पुढच्या आठवड्यात इंग्रजी बसले, तर संगणकाच्या शिक्षिका आणि रसायनाचे शिक्षक एकाच वेळी त्या वर्गावर हजर झाले. पालकांच्या तक्रारी आल्या. समितीच्या बैठकीत मास्टरसाहेब शांतपणे म्हणाले, "नहीं बैठेगा, साहब." मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि हिशेब पाहण्याची सवय असलेला अधिकारी. मी तक्ता मागवला. अकरावीचे एकूण तास चव्वेचाळीस, उपलब्ध घरे अठ्ठेचाळीस. एकाही पूर्णवेळ शिक्षकाचा भार छत्तीस तासांपलीकडे नाही. संगणकाच्या शिक्षिका अंशकालिक. त्यांच्याकडे दोन वर्गांचे मिळून दहा तास आणि त्या येत बारा तासांसाठी. सर्व बेरजा मर्यादेच्या आत. मी म्हणालो, बेरीज जुळते तर वेळापत्रकही जुळलेच पाहिजे. इतिवृत्तात 'नियोजनातील शैथिल्य' असे शब्द माझ्या सूचनेवरून लिहिले गेले. वेळापत्रकाचे काम आणि त्याचा जो किरकोळ भत्ता होता तो, असे दोन्ही त्यांच्याकडून काढून घ्यावे असेही ठरले.

माझे विधान सर्वस्वी चुकीचे नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. विशिष्ट परिस्थितीत बेरीज जुळली की वेळापत्रक जुळतेच. हे हंगेरीच्या डेनेश क्यॉनिग या गणितज्ञाने 1916 साली सिद्ध केले. त्याच्या लेखात शाळा नाही, बिंदू आणि रेषा आहेत. पण शाळेच्या भाषेत त्याचा अर्थ असा होतो. कोणत्याही शिक्षकाला आठवड्यात अठ्ठेचाळीसपेक्षा अधिक तास नसतील आणि कोणत्याही वर्गालाही नसतील, तर अठ्ठेचाळीस घरांत सर्व तास टक्कर न होता बसतात. नेहमी बसतात, अपवाद नाही.

याचे कारण समजण्यासारखे आहे आणि मास्टरसाहेब आपल्या चिठ्ठ्यांनी नेमके तेच करीत. समजा, हिंदीच्या शिक्षकांचा नववीवरचा एक तास उरला आहे. शिक्षक सोमवारी तिसऱ्या तासाला मोकळे आहेत, पण नववी तेव्हा मोकळी नाही; नववी पाचव्या तासाला मोकळी आहे, पण तेव्हा शिक्षक गुंतलेले आहेत. मग चिठ्ठी तिसऱ्या तासात ठेवायची. त्या तासाला नववीवर आधीच गणित होते, ते उचलून पाचव्यात न्यायचे. गणिताचे शिक्षक पाचव्यात दहावीवर होते, तो दहावीचा तास तिसऱ्यात आणायचा. तिसऱ्यात दहावीवर इतिहास असेल, तर तो पाचव्यात. अशी साखळी चालत राहते.

ही साखळी फिरून हिंदीच्या शिक्षकांवरच आली तर सारा खटाटोप फुकट जाईल, अशी शंका येते. पण तसे घडू शकत नाही. साखळी ज्या ज्या शिक्षकापर्यंत पोहोचते, ती त्याच्या तिसऱ्या तासावर ठेवलेल्या चिठ्ठीमार्फतच पोहोचते. आणि हिंदीच्या शिक्षकांचा तिसरा तास तर मुळातच मोकळा होता. त्यांच्यापर्यंत येणारी वाटच नाही. शिक्षक आणि वर्ग मोजकेच असल्याने साखळी कोठेतरी संपते आणि उरलेला तास बसतो. प्रत्येक उरलेल्या तासासाठी हीच कृती करीत गेले की वेळापत्रक पूर्ण होते.

खोल्यांचेही तसेच. प्रत्येक वर्गाला स्वतःची खोली असेल तर प्रश्नच नाही. खोल्या वर्गांपेक्षा कमी असतील, पण सगळ्या सारख्या असतील, तर दर तासाला भरणाऱ्या वर्गांची संख्या अशाच साखळ्यांनी समान करता येते. म्हणजे एकूण तासांची संख्या ही खोल्या गुणिले घरे यापेक्षा जास्त नसली की पुरे. इथवर माझे बेरजेचे शास्त्र खरे ठरते.

आता त्या साखळीकडे पुन्हा पाहा. तिसऱ्या तासातील कोणतीही चिठ्ठी पाचव्यात जाऊ शकते आणि पाचव्यातील तिसऱ्यात येऊ शकते, हे तिच्यात गृहीत धरलेले आहे. गणिताचे शिक्षक पाचव्या तासाला शाळेतच नसतील तर साखळी तेथेच तुटते. इतिहासाच्या जागी प्रयोगशाळेचा तास असेल आणि पाचव्यात प्रयोगशाळा दुसऱ्या वर्गाकडे असेल, तरीही तुटते. 'अमुक इतकेच तास येईन' असे कोणी म्हटल्याने क्यॉनिगचा नियम बिघडत नाही. 'अमुक वेळीच येईन' असे म्हटल्याने मात्र तो लागू होण्याचेच थांबते. बेरजेच्या तक्त्यात पहिली अट दिसते, दुसरी दिसत नाही.

एका रविवारी सकाळी मी मास्टरसाहेबांच्या घरी गेलो. खरे सांगायचे तर, नवे काम कोणाकडे सोपवावे याची विचारपूस करण्यासाठी गेलो होतो. दरम्यान शाळेने वेळापत्रक करणारी एक संगणकीय आज्ञावली घेतली होती आणि तीही दर वेळी एक तास बाहेर ठेवून थांबत होती. मास्टरसाहेबांनी चहा मागवला आणि मला विचारले, "साहब, मशीन हर बार कौन-सा घंटा छोड़ती है?" मी म्हणालो, कधी संगणकाचा, कधी इंग्रजीचा, एकदा रसायनाच्या प्रात्यक्षिकाचा. "और क्लास?" क्लास प्रत्येक वेळी अकरावीचाच होता.

मास्टरसाहेबांनी सांगितले की उरणारा तास बदलतो पण वर्ग बदलत नाही, तेव्हा समजावे की शोधण्यात उणीव नाही, जागाच नाही. नशीब वाईट असते तर एकदा नववी अडकली असती, एकदा बारावी. मग त्यांनी सर्व चिठ्ठ्या बाजूला केल्या आणि अकरावीच्या फक्त तेरा पुढे मांडल्या.

संगणकाच्या शिक्षिका सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या दिवशी पहिले चार घंटेच येत. इंग्रजीसाठी एक निवृत्त शिक्षक घेतले होते, त्यांनीही तेच तीन दिवस आणि तेच पहिले चार घंटे मागितले होते. रसायनाची प्रयोगशाळा उरलेल्या सर्व वेळी इतर वर्गांना दिलेली होती. अकरावीच्या वाट्याला तीच सोमवार, बुधवार, शुक्रवारची सकाळ आली होती. तीन दिवस गुणिले चार, म्हणजे बारा घरे. त्यांत अकरावीचे संगणकाचे पाच, इंग्रजीचे चार आणि प्रात्यक्षिकाचे दोन जोडतास, म्हणजे चार. पाच अधिक चार अधिक चार, तेरा. "बारह कुर्सियाँ हैं, साहब, और मेहमान तेरह," मास्टरसाहेब म्हणाले.

मी कागद पुढे ओढून पुन्हा मोजले. शिक्षिकांच्या बाजूने पाहिले तर दहा तास आणि बारा घरे. इंग्रजीच्या शिक्षकांच्या बाजूने अकरावीचे चार आणि बारावीचे चार, म्हणजे आठ तास आणि बारा घरे. प्रयोगशाळेच्या बाजूने चार तास आणि बारा घरे. वर्गाच्या बाजूने चव्वेचाळीस तास आणि अठ्ठेचाळीस घरे. या चारही बेरजा मी केल्या होत्या आणि चारही निर्दोष होत्या. जी करायला हवी होती ती पाचवी बेरीज, एका वर्गाचे असे सर्व तास जे एकाच झरोक्यातून आत येऊ शकतात, त्यांची. ती कोणत्याच तक्त्यात नव्हती, कारण ती तीन वेगवेगळ्या माणसांना तीन वेगवेगळ्या वेळी दिलेल्या आश्वासनांची बेरीज होती. इंग्रजीच्या शिक्षकांना प्राचार्यांनी शब्द दिला होता, प्रयोगशाळेचे वाटप विज्ञान विभागाने केले होते आणि संगणकाच्या शिक्षिकांच्या वेळेला आमच्या समितीने मंजुरी दिली होती. त्या मंजुरीवर माझी सही होती.

या पाचव्या बेरजेला गणितात प्रतिष्ठित स्थान आहे. इंग्रज गणितज्ञ फिलिप हॉल याने 1935 साली तिचा नियम सिद्ध केला. काही मागण्या आणि काही जागा असतील, तर मागण्यांचा कोणताही गट घ्या. त्या गटाला चालणाऱ्या जागा गटातील मागण्यांपेक्षा कमी भरल्या, तर सगळ्यांना जागा मिळणे अशक्य. एकाही गटाबाबत असे घडत नसेल, तर प्रत्येकाला जागा मिळतेच. टोरांटोच्या कॅल्विन गॉटलिब यांनी 1962 साली म्युनिकच्या संगणक-परिषदेत शाळेच्या वेळापत्रकाची जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशी हाच नियम होता. वर्ग, शिक्षक आणि तास यांचा एक घनाकार तक्ता करायचा. प्रत्येक घरात 'शक्य' किंवा 'अशक्य' अशी खूण ठेवायची आणि एखादा तास पक्का केला की त्यामुळे अशक्य झालेली घरे खोडत जायची. कोठे बारा जागा आणि तेरा मागण्या दिसल्या की मागे फिरायचे.

पण हॉलचा नियम एका वेळी एका वर्गाचा, किंवा एका शिक्षकाचा विचार करतो. प्रत्येक वर्ग स्वतंत्रपणे पाहिला तर जागा पुरतात, प्रत्येक शिक्षक स्वतंत्रपणे पाहिला तर जागा पुरतात, तरीही सर्व मिळून वेळापत्रक होत नाही, असेही घडू शकते. याचे सर्वांत जुने आणि ठळक उदाहरण शाळेतले नाही. ते लष्करी अधिकाऱ्यांचे आहे आणि येथेच आपला मराठी गणितज्ञ येतो.

लेओनार्ड ऑयलर याने 1782 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात विचारले की सहा पलटणी आहेत आणि प्रत्येक पलटणीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे अधिकारी घेतले, असे छत्तीस अधिकारी सहा-सहाच्या चौरसात उभे करायचे आहेत. प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या रांगेत प्रत्येक पलटण एकदा आणि प्रत्येक हुद्दा एकदा यावा. हे जमेल का?

हा प्रश्न शाळेच्या भाषेत मांडता येतो. प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस आहे असे समजा. सहा तास, वेगवेगळ्या उपकरणांच्या सहा खोल्या, सहा परीक्षक आणि विद्यार्थ्यांचे सहा गट. प्रत्येक गट प्रत्येक परीक्षकापुढे एकदा जावा, प्रत्येक खोलीत एकदा जावा, प्रत्येक परीक्षकानेही प्रत्येक खोली एकदा वापरावी आणि कोणत्याही तासाला टक्कर होऊ नये. आडव्या रांगा म्हणजे तास, उभ्या रांगा म्हणजे खोल्या, पलटण म्हणजे परीक्षक आणि हुद्दा म्हणजे गट. तीनाच्या बाबतीत हे सहज जमते. परीक्षक क, ख, ग आणि गट 1, 2, 3 असतील, तर तीन खोल्यांत पहिल्या तासाला क1, ख2, ग3. दुसऱ्या तासाला ख3, ग1, क2. तिसऱ्या तासाला ग2, क3, ख1. वाचकांनी ताडून पाहावे. एकही टक्कर नाही आणि नवांपैकी प्रत्येक जोडी एकदाच येते. चार आणि पाचालाही जमते. सहाला मात्र ऑयलरला जमले नाही. त्याने अंदाज बांधला की सहाला हे अशक्य आहे आणि दहा, चौदा, अठरा अशा चार-चारने वाढणाऱ्या पुढच्या संख्यांनाही अशक्यच असणार.

सहाबद्दलचा अंदाज खरा निघाला. तो गास्तों तारी या फ्रेंच गृहस्थाने 1900 च्या सुमारास सिद्ध केला. तारी हे पेशाने गणितज्ञ नव्हते. ते अल्जीरियात फ्रेंच सरकारच्या वित्तविभागात नोकरीस होते. आपल्याच जातीचा हा मनुष्य असल्याने मला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटते. सहा-सहाच्या चौरसांची 9408 मूळ रूपे त्यांनी सतरा कुळांत विभागली आणि एकेक कूळ हाताने तपासून दाखवले की एकातही उत्तर नाही. तेव्हा त्या परीक्षेच्या दिवसाचा विचार करा. सहा तास, सहा खोल्या, सहा परीक्षक, सहा गट. प्रत्येकाची बेरीज काटेकोर जुळते, जादा मागणी कोठेच नाही आणि तरीही ते वेळापत्रक अस्तित्वातच नाही. ते न करू शकणाऱ्या शिक्षकाच्या नावे कोणी 'शैथिल्य' लिहिले असते तर?

दहाचा प्रश्न त्यानंतरही राहिला. तो 1959 साली राजचंद्र बोस, शरच्चंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी सोडवला. श्रीखंडे यांचा जन्म 1917 साली मध्य प्रदेशातील सागरचा आणि शिक्षण नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयातले. मीही नागपूरचाच, पण पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत त्यांचे नाव माझ्या कानी पडले नव्हते, याची आज खंत वाटते. अमेरिकेत चॅपेल हिल येथे बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी 1950 साली डॉक्टरेट मिळवली. बोस आणि श्रीखंडे यांनी प्रथम बावीसचा चौरस रचून दाखवला. ऑयलरच्या मते बावीसही अशक्य संख्यांपैकीच होती, म्हणजे त्याचा अंदाज तेथेच कोसळला. पार्कर यांनी दहाचा चौरस रचला. नंतर तिघांनी मिळून दाखवले की ऑयलरने अशक्य मानलेल्या संख्यांपैकी सहापुढील प्रत्येकीला हे शक्य आहे. 26 एप्रिल 1959 रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही बातमी आली. श्रीखंडे पुढे काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात आणि मग मुंबई विद्यापीठात होते. 2020 च्या एप्रिलमध्ये, वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी, ते निवर्तले.

दोनला आणि सहाला अशक्य, बाकी सर्वांना शक्य, हे उत्तर कोणत्याही बेरजेतून निघत नाही. अंदाज बांधणारा ऑयलरसारखा मनुष्य असूनही तो 177 वर्षे चुकीचा राहिला. वेळापत्रक 'व्हायलाच पाहिजे' किंवा 'होऊच शकत नाही' असे ठासून सांगणाऱ्याने याची आठवण ठेवावी.

शेवटचा धागा 1975 चा आहे. शिमॉन एव्हन, आलोन इताई आणि आदी शमीर या तीन इस्रायली शास्त्रज्ञांनी विचारले की शिक्षकांच्या वेळांवर बंधने असली तर वेळापत्रक शक्य आहे की नाही, हे ठरवण्याची काही झटपट रीत आहे का? प्रत्येक शिक्षक फार तर दोनच तास उपलब्ध असेल, तर तशी रीत आहे, असे त्यांनी दाखवले. पण दिवसाचे तास अवघे तीन असले, सर्व वर्ग तिन्ही तास मोकळे असले आणि काही शिक्षक तीनपैकी दोनच तास येणारे असले, तरीही प्रश्न संगणकशास्त्रात ज्यांना 'एन-पी-पूर्ण' म्हणतात त्या कठीण कुळात जाऊन पडतो. या कुळातील कोणत्याही प्रश्नाला, आकार वाढला तरी वेगाने चालेल अशी हमखास रीत आजवर सापडलेली नाही. तशी रीत असूच शकत नाही, हेही कोणी सिद्ध केलेले नाही. म्हणून बाजारात मिळणाऱ्या आज्ञावल्या हुशारीने शोध घेतात आणि बहुतेक वेळा त्यांना उत्तर सापडते. सापडले नाही, तर ते नाहीच की अजून सापडायचे आहे, हे त्यांना बऱ्याचदा सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी आधी आमच्या मास्टरसाहेबांसारखे तेरा पाहुणे वेगळे काढून दाखवावे लागतात.

आमचा तिढा सुटायला त्या रविवारी अर्धा तास लागला. अकरावीचा प्रात्यक्षिकाचा एक जोडतास गुरुवारी दुपारी नेला. तेथे दहावीचे प्रात्यक्षिक होते. ते सोमवारी सकाळी, अकरावीने सोडलेल्या वेळी प्रयोगशाळेत आणले. झरोक्यात आता बारा घरे आणि पाच, चार, दोन असे अकरा तास राहिले. बारावीचे संगणकाचे पाच आणि इंग्रजीचे चार तासही त्याच बारा घरांत बसवायचे होते. अकरावीला संगणक असेल तेव्हा बारावीला इंग्रजी आणि अकरावीला इंग्रजी असेल तेव्हा बारावीला संगणक, असे करून ते बसले. बारावीचा उरलेला संगणकाचा एक तास अकरावीच्या प्रात्यक्षिकाच्या वेळी आला. दहावीच्या दोन-तीन तासांची हलवाहलव मास्टरसाहेबांनी साखळीने केली. सोमवारी वेळापत्रक फलकावर लागले. विज्ञान विभागाकडे गुरुवारची दुपार आधीच मागितली असती, तर हे मार्चमध्येच झाले असते. ते मागण्याचा अधिकार मास्टरसाहेबांना नव्हता. तो समितीला होता.

पुढच्या बैठकीत मी माझी टिप्पणी मागे घेत असल्याचे इतिवृत्तात नोंदवले आणि काम व भत्ता दोन्ही मास्टरसाहेबांकडे पूर्ववत राहिले. त्यांनी एकच मागणी केली. अंशकालिक शिक्षकाला वेळेचा शब्द देण्यापूर्वी, आणि प्रयोगशाळेचे वाटप पक्के करण्यापूर्वी, तो कागद एकदा त्यांना दाखवावा. समितीने तसा ठराव केला. पुढच्या फेब्रुवारीत संस्कृतच्या एका शिक्षिकेने मंगळवार आणि गुरुवारची सकाळ मागितली, तेव्हा प्राचार्यांनी त्यांना थांबवून मास्टरसाहेबांना बोलावले. त्यांनी अकरावीचे त्या झरोक्यातले तास बोटांवर मोजले आणि म्हणाले, "गुरुवार चलेगा, मंगल नहीं." शिक्षिकांनी मंगळवारऐवजी शनिवार स्वीकारला.

असो. लेख लांबला. माझी मुलगी आता महाविद्यालयात आहे, आणि त्या वर्षी इंग्रजीचा कोणता तास रिकामा गेला होता हे तिला आठवतही नाही. मला मात्र तो बुधवारचा तिसरा घंटा पक्का आठवतो.